नव्याण्णववर उकळलेलं पाणी

रामरावच्या कपाटात बिस्किटाचा एक जुना डबा होता. डब्यात काय, तर फुटक्या कपबश्यांचे तुकडे. नव्या माणसानं पाह्यलं का तो हसे. म्हणे, रामराव, घरी बायको कप फोडते अन् तुमी इथं जमा करता का? रामराव झाकण लावून डबा परत ठेवे. सव्वीस वर्षं झाले होते त्याले त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून. स्वतः दहावी नापास, दोन खेपा. पण बारावीच्या पोट्ट्यांचे सारे प्रयोग त्याच्या हाताले पाठ होते. कोणती बाटली कुठं, कोणत्या बाटलीले नाक लावायचं नाही, कोणतं पाणी फेकायचं अन् कोणतं ठेवायचं, हे त्याले कोणाले विचारावं लागे नाही.

कॉलेज अकोल्यातलं. जागा जुन्या जिनिंगची, जिथं कापसातली सरकी काढत. दीडशे वर्षांमागं सातासमुद्रापारची लढाई लागली अन् विलायतेले तिकडचा कापूस भेटेना, आपल्याकडचा घ्यावा लागला, तवा कोण्या शेटनं भाव चढलेला पाहून हे दगडी शेड बांधलं म्हणतात. भाव गेला, शेट गेला, शेड राह्यलं. वरतून पत्रा, खाली शहाबादी फरशी, खिडक्या माणसाच्या डोक्याच्या वर. तिथंच रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. उन्हाळ्यात तिथं पाणी उकळायले बर्नर लागते का नाही, असं पोट्टे म्हणत.

डब्यातले तुकडे मोरोपंत सरचे. मोरोपंत सर म्हणजे आधीचे रसायनशास्त्राचे सर, रिटायर होऊन मूर्तिजापूरले गेले, तिथंच वारले. त्यायनं रामरावले एक गोष्ट घट्ट शिकवली होती. "रामराव, काचेचा चंबू नवा असला का लय गुळगुळीत रायते. त्यात पाणी चुपचाप तापत रायते, बुडबुड्याले धरायले जागाच भेटत नाही. मंग एकदम उसळते. म्हणून हे दोन तुकडे टाकायचे. खरबडीत जागा भेटली का बुडबुडे सुरळीत निघतात. अन् दुसरं. मीठ टाकायचं ते थंड्या पाण्यात. पूर्ण विरघळू द्यायचं. मंग आच लावायची. उकळत्यात मीठ कधीच नाही. मिठाचा एकेक दाणा म्हणजे बुडबुड्याले उभं राहायची जागा. मूठभर टाकलं तर लाखो जागा एकदम. पाणी चंबूत राहीन का मंग?"

सव्वीस वर्षांत चंबू एकदाही उसळला नव्हता.

औंदा जूनमध्ये गोपाळकृष्ण सर आले. अमरावतीचे. तासिकेवर. म्हणजे जितके तास शिकवले तितकंच, सुट्टी लागली का काही नाही. वय सव्वीस-सत्तावीस. रोज सकाळी अमरावतीहून गाडी धरायची अन् सांजीले परत. पोरगा हुशार होता, खोटं काहून बोला. शिकवे तवा मागच्या बाकावरचेही माना वर करून पाहत. फक्त घाई. सदान् कदा घाई. आपल्याले कोणी कमी समजते का काय, याची मनात धास्ती. पहिल्याच आठवड्यात त्यानं चंबूत तुकडे पाह्यले.

"रामराव, हे काय? फ्लास्कमध्ये कचरा कसा?"

"सर, मोरोपंत सर टाकायचे. पानी उसळू नाही म्हनून."

"पोर्सेलीनचे व्यवस्थित तुकडे मागवू आपण. हे चहाच्या कपाचे नकोत. बोर्डाचे परीक्षक आले तर काय म्हणतील?"

मागवले काहीच नाही. डबा कपाटात गेला.

डिसेंबरात तो तास आला. द्रावणांचा पाठ. पोट्टे म्हणत, सर, लय डोक्यावरून जाऊन राह्यलं. मंग सरनं ठरवलं का फळ्यावर नाही, प्रयोगशाळेतच दाखवायचं. बेचाळीस पोट्टे-पोट्ट्या टेबलाभोवती. पुढं रुख्मिणी. तिचं नाव आजीवरून ठेवलेलं, वर्गात सारे तिले रुखी म्हणत. मूर्तिजापूरकडच्या खेड्यातली. घरची काळीची शेती, बाप नत्थुजी. सकाळच्या एसटीनं यायची अन् सांजच्या एसटीनं जायची. आवाज खणखणीत, म्हणून कोणताही आकडा वाचायचा असला का सर तिलेच बोलवत.

"हे लक्षात ठेवा," सर बोलून राह्यले होते, "द्रावणात काय विरघळलंय याच्याशी पाण्याला देणंघेणं नाही. किती कण विरघळलेत, एवढंच पाहतं ते. साखर एक मोल घ्या, एक किलो पाण्यात. उकळबिंदू वाढेल अर्धा अंश. शून्य पूर्णांक बावन्न. आता मीठ एक मोल घ्या. किती वाढेल?"

"तितकाच, सर."

"कोण म्हणालं तितकाच? आशा? साखर विरघळली तरी तिचा रेणू अख्खाच राहतो. मीठ विरघळलं की त्याचे दोन तुकडे होतात. सोडियम वेगळा, क्लोराइड वेगळा. म्हणजे कण?"

"दुप्पट!" रुखी बोलली.

"मग वाढ?"

"दुप्पट. एक अंश अन् वर जराक."

"शाब्बास. एक पूर्णांक शून्य चार. पण आपल्या थर्मामीटरवर एक अंश नीट दिसत नाही. म्हणून आपण चौपट मीठ घेऊ. अर्धा लिटर पाण्याला एकशे सतरा ग्रॅम. वाढ?"

"चार, सर! चाराच्या आसपास."

रामरावनं मीठ तोलून कागदावर ठेवलं होतं. मनात त्याले बरं वाटून राह्यलं होतं. मोरोपंत सरही हाच हिशेब सांगत, फक्त इतका गोड नाही.

आता पाहा, गोष्ट इथं बिघडली. नेहमी दोन चंबू लागत. एकात साधं पाणी, एकात मिठाचं. दोघाले दोन बर्नर. पण एका बर्नरची नळी उंदरानं कातरली होती. रामरावनं तीन महिन्यांमागं अर्ज देला होता, तो ऑफिसात कुठंतरी दबून होता. एकच बर्नर. तासाचे राह्यले वीस मिनिटं.

सर म्हणाले, "काही हरकत नाही. आधी साधं पाणी उकळू, रीडिंग घेऊ. मग त्याच फ्लास्कमध्ये मीठ टाकू आणि पुन्हा रीडिंग घेऊ."

रामराव पुढं आला. हळूच म्हणे, "सर, मीठ थंड्या पान्यात टाका लागते. हे पानी उतरवून थंड करू, मंग..."

"रामराव, तास तुम्ही घेताय का मी?"

पोट्टे हसले. बेचाळीस जण. हसण्यात वाईट काही नव्हतं, त्या वयात पोट्टे कशालेही हसतात. पण रामरावचे कान तापले. दोन खेपा दहावी नापास झालेला माणूस, त्याले ते हसणं जिथं लागायचं तिथं लागलं. तो मागं सरकला. मनात म्हणाला, कर मंग तुह्या मतानं.

हे त्याच्या मनात आलं होतं. अगदी हेच शब्द. पुढं किती दिवस त्याले ते शब्द ऐकू येत राह्यले.

पाणी उकळलं. रुखी वाकली, थर्मामीटर पाह्यला अन् ओरडली, "नव्याण्णव!"

"शंभर का नाही?" सर.

"आपलं अकोला समुद्रापेक्षा उंचावर हाय सर. हवेचा दाब कमी."

"लिहा सगळे. नव्याण्णव."

बेचाळीस पेनं चालले. सरनं आच जराशी कमी केली. पाणी शांत झालं. नवा चंबू, गुळगुळीत, आत तुकडा नाही. रामरावच्या पुढ्यात कागदावर मीठ. सरनं हात पुढं केला. रामरावनं कागद उचलला, कडा दुमडून त्याची नळी केली, अन् देला.

"रुख्मिणी, लक्ष ठेव. पारा किती चढतो ते सांग."

ती वाकली. सरनं मीठ ओतलं.

आवाज फुस्स असा झाला. मोठा नाही. पाणी पांढरं होऊन चंबूच्या गळ्यातून उभं राह्यलं, जसं दूध उतू जाते तसं, पण एका श्वासात. रुखीच्या उजव्या गालावर, उजव्या डोळ्यावर. पोरगी ओरडलीही नाही पह्यले. मंग ओरडली.

रामरावनं तिले उचलून नळाखाली धरलं. तेवढं त्यानं नीट केलं. पंधरा मिनिटं नळ सोडला नाही, डॉक्टरनंही तेच म्हन्लं, का तेवढ्यानं गाल वाचला. डोळा मात्र नाही. अकोल्याहून तिले अमरावतीले डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. बुबुळावर पांढरी साय आली. डॉक्टर म्हणे, उजेड-अंधार समजीन, बाकी काही नाही.

*

आठ दिवसांनी प्राचार्यांनी रामरावले ऑफिसात बोलावलं. प्राचार्य वामनराव. माणूस गोड बोलणारा. टेबलावर टाईप केलेला कागद.

"बसा रामराव. चार महिने राहिले ना रिटायरमेंटले?"

"हो साहेब."

"सव्वीस वर्षं निष्कलंक नोकरी. हे वाचा अन् सही करा. संस्थेले पाठवायचं हाय."

रामरावनं हळूहळू वाचलं. कागदात लिहिलं होतं, का प्रयोगशाळा परिचर यांनी नियमाप्रमाणे थंड पाण्यात मीठ विरघळवून द्रावण आधीच तयार ठेवलं होतं. शिक्षकांनी तेच द्रावण तापवलं. विद्यार्थिनी कु. रुख्मिणी हिनं सूचना नसताना गमतीनं उकळता चंबू हलवला, त्यानं द्रावण उसळलं.

त्यानं दोनदा वाचलं.

"साहेब, असं नाही झालं."

"झालं कसं ते पोरीच्या डोळ्याले आता काय फरक पाडते? पाहा, या कागदात तुमी निर्दोष, सर निर्दोष, कॉलेज निर्दोष. कोणाची भाकर जात नाही."

"अन् पोरगी?"

"पोरगी लहान हाय. लहान पोरं मस्ती करतात. कोणी फाशी देते का तिले?" प्राचार्य जरा वाकले. "तिच्या बापाले सांगितलं म्या. त्यानं ऐकून घेतलं. उद्या येऊन राह्यला सही करायले. अन् तिचा दाखलाही नेणार हाय म्हणे."

"दाखला? दोन महिन्यांवर तं परीक्षा हाय."

"तो म्हणे, शाळेत मस्ती करून डोळा घालवून आली, आता घरी बसू दे. आपण काय करणार? बापाचा हक्क हाय."

रामरावनं पेन हातात घेतला अन् ठेवला. "उद्या करतो साहेब. चश्मा घरी रायला."

चश्मा त्याच्या खिशातच होता.

घरी बायकोनं, दुर्गाबाईनं, ताट वाढलं. त्यानं भाजीभाकर तशीच ठेवली. दुर्गाबाई म्हणे, "सही करून टाका बाप्पा. तुमच्या अंगावर काही येऊन नाही राह्यलं ना?"

"त्याचंच तं मले खाऊन राह्यलं. सारे सुटून राह्यले. फक्त तेच पोट्टी अडकून राह्यली."

"मंग नका करू."

"नाही केली तर इचारतीन, तुले मालूम होतं तं बोलला काहून नाही."

दुर्गाबाई म्हणे, "मालूम होतं तुमाले?"

त्यानं ताट सरकवलं.

*

दुसऱ्या दिवशी नत्थुजी आला. पांढरं धोतर, टोपी, हातात कापडी थैली. ऑफिसच्या दारात वहाणा काढल्या. कागद पुढं ठेवला तर त्यानं वाचलाही नाही. म्हणे, "कुठी करू सही?"

"नत्थुजी भौ," रामराव दारातून बोलला, "सही करायच्या आंधी पाच मिनिटं माह्यासंगं चला. प्रयोगशाळेत."

प्राचार्य उठले. "रामराव, हे काय?"

"काही नाही साहेब. पोरीनं काय केलं ते बापानं पाहायले नको? तुमीही चला."

नत्थुजी म्हणे, "चला. त्या जागेले पाहूनच जातो. रोज पोट्टी झोपीत ओरडते, फुसकन् आवाज झाला म्हनून."

प्रयोगशाळेत बारावीचेच पोट्टे होते. प्रात्यक्षिकाचा तास. गोपाळकृष्ण सर फळ्यापाशी उभे. आठ दिवसांत माणूस अर्धा झाला होता. नत्थुजीले पाहून त्यानं मान खाली घातली.

रामरावनं तोच चंबू काढला. थंडं पाणी अर्धा लिटर मोजून ओतलं. मीठ तोललं, एकशे सतरा ग्रॅम. पाण्यात टाकलं अन् काचेच्या कांडीनं हलवत राह्यला, पाणी पह्यले गढूळ, मंग निवळ झालं. मंग त्यानं कपाटातून बिस्किटाचा डबा काढला अन् कपाचे दोन तुकडे आत सोडले. टण् टण् आवाज झाला. थर्मामीटर अडकवला. बर्नर पेटवला.

"भौ, कागदात लिहिलं हाय का चंबूत मिठाचं पानी होतं. आंधीपासून. हे तेच पानी. तोच चंबू. तितकंच मीठ. आता तुमी बसा इथं अन् हा आकडा वाचा. उकळलं का सांगा."

"मी? मले येते का ते?"

"पारा दिसते ना? बस, तेवढंच. पोट्टे हो, तुमच्या वह्या काढा. त्या दिवशीच्या."

आशानं वही उघडली. सारेच वह्या उघडत होते, पानांचा आवाज झाला.

"आशाबाई, वाच बेटा. रुखीनं काय सांगितलं होतं?"

"नव्याण्णव. चंबू उकळला तवा. नव्याण्णव."

"अजून कोणाच्या वहीत दुसरा आकडा हाय?"

पोट्ट्यायनं आपापल्या वहीत पाहून माना हलवल्या, नाही म्हणून.

प्राचार्य म्हणे, "ते दुसऱ्या चंबूचं असंल. साध्या पाण्याचं."

"दुसऱ्या चंबूले आच कुठची, साहेब? एका बर्नरची नळी कातरलेली हाय. हे पाहा. अर्ज तुमच्याच ऑफिसात हाय. तीन महिने झाले." रामरावनं नळी उचलून दाखवली. उंदराचे दात उमटलेले होते.

पाणी तापून राह्यलं. नत्थुजी टोपी मागं सरकवून पाऱ्याकडं पाहत होता. "नव्वद. त्र्याण्णव." लय वेळ गेला. "अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव."

"उकळलं?"

"नाही."

"पाहा बरोबर."

"नाही ना भौ. खालून बारीक बारीक निघून राह्यलं, पन उकळलं नाही. शंभर झाले. एकशे एक." नत्थुजीनं वर पाह्यलं. "काहून नाही उकळून राह्यलं? शंभराले तं उकळते म्हनतात."

रामरावले सांगता आलं असतं. मोरोपंत सरचे शब्द तोंडाशी होते. पण गोपाळकृष्ण सरच बोलले. कोणी विचारलं का सांगायची सवय असते ना मास्तरले, तसे. आवाज बसलेला.

"काका, पाणी उकळतं म्हणजे आतल्या वाफेचा जोर बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा होतो. साध्या पाण्यात वरची सगळी जागा पाण्याच्या कणांचीच असते. ते मोकळे उडून जातात. मीठ विरघळलं की त्याचे कणही त्यात मिसळतात. ते उडत नाहीत, नुसते जागा अडवून बसतात. त्यामुळे उडणारे पाण्याचे कण कमी होतात, वाफेचा जोर कमी पडतो. तेवढाच जोर यायला जास्त तापवावं लागतं. जितके कण जास्त, तितकं वर. एवढ्या मिठाला चार अंश."

"म्हनजे हे पानी नव्याण्णवले उकळणारच नाही?"

सर थांबले. त्यायनं काय सांगितलं ते त्यायलेच आता समजलं.

"नाही," सर म्हणाले. "कधीच नाही."

"एकशे दोन," नत्थुजी बोलला. मंग, "एकशे तीन. उकळलं. आता उकळलं."

तुकड्यांपासून बुडबुड्यांची माळ निघून राह्यली होती, सुरळीत, एकसारखी. पारा एकशे तीनवर थांबला. एक थेंब बाहेर आला नाही.

रामरावनं चंबू चिमट्यात धरून जोरानं हलवला. पाणी आतल्या आत फिरलं. पुन्हा उकळत राह्यलं.

"हलवून पाह्यलं, भौ. तुमच्या पोरीनं हलवलं म्हनतात ना? हलवून हे असं होते. अन् तिनं तं हात लावलाच नव्हता. तिनं नव्याण्णव वाचलं. बेचाळीस वह्यात हाय. नव्याण्णवले उकळणारं पानी म्हनजे साधं पानी. त्यात मीठ नव्हतंच. मीठ मंग पडलं. उकळत्यात."

नत्थुजी उठला. "कोनं टाकलं?"

"मी," गोपाळकृष्ण सर बोलले. "मी टाकलं. तिला मीच वाकायला सांगितलं होतं."

प्राचार्य म्हणाले, "सर, तुमी भावनेच्या भरात..."

"मी टाकलं, साहेब."

नत्थुजी सरकडं पाहत राह्यला. त्या पोराले मारावं का काय, असं त्याच्या हाताले वाटून राह्यलं होतं, बोटं वळून गेले होते. "तुमाले मालूम नव्हतं, असं टाकलं का उसळते?"

"वाचलं होतं. लक्षात नाही आलं."

"अन् यायले?" नत्थुजी रामरावकडं वळला. "तुमाले सारं मालूम दिसते. तुमी कुठी होते तवा?"

इथं रामरावले खोटं बोलता आलं असतं. म्या सांगितलं होतं, सरनं ऐकलं नाही, असं म्हणता आलं असतं, अन् ते अर्धं खरंही होतं. बेचाळीस साक्षीदार होते.

"इथंच होतो. एकदा बोललो. मंग पोट्टे हसले तं चूप बसलो. मीठ म्याच हातात देल्लं. मले मालूम होतं का उसळीन. असं पोरीवर जाईन, हे नाही वाटलं. पन उसळीन हे मालूम होतं."

चंबू उकळून राह्यला होता, तेवढाच आवाज. आशा टेबलावर डोकं ठेवून रडून राह्यली होती. ती त्या दिवशी सर्वात मोठ्यानं हसली होती.

नत्थुजीनं ऑफिसातला कागद मागितला. प्राचार्यांनी देला नाही. त्यानं मंग कापडी थैली उचलली. दारात जाऊन थांबला.

"दाखला नाही नेत मी," तो म्हणे. "पोट्टी परीक्षेले बसीन. घरी आठ दिवस म्या तिले काय काय बोललो, ते तुमाले काय मालूम. ते सांगून राह्यली होती, बाबा म्या हात नाही लावला. म्या ऐकलं नाही. कॉलेजचे मोठे लोक खोटं काहून बोलतीन, म्हन्लं." मंग रामरावकडं न पाहताच बोलला, "तुमचं मी काय करू, ते मले समजत नाही."

अन् गेला.

*

चौकशी झाली. कागदावर शेवटी लिहिलं गेलं, अपघात. गोपाळकृष्ण सरच्या तासिका त्याच आठवड्यात बंद झाल्या. ते अमरावतीले गेले ते पुन्हा आले नाही. रामरावले घरी बसवलं, पुढचा हुकूम येईस्तोवर. प्राचार्य आपल्या खुर्चीवर. बर्नरची नळी मात्र दुसऱ्याच दिवशी आली.

फेब्रुवारीत बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. सकाळी रामराव एसटी स्टँडवर जाऊन उभा राह्यला. हातात बिस्किटाचा डबा. मूर्तिजापूरची गाडी आली. रुखी उतरली. पायरीवर तिनं मान पूर्ण उजवीकडं वळवली, डाव्या डोळ्यानं जमीन पाह्यली, मंग पाय खाली टाकला. गालावर डाग होता, ओढणीनं अर्धा झाकलेला.

"काका," तिनं ओळखलं.

"हे घे. तुले द्रावणाचा प्रयोग आला तं दोन तुकडे टाकजो. तिथं आता कोनी ठेवत नाही."

तिनं डबा हातात घेतला. हलवून पाह्यला. तुकडे वाजले.

"बाबा म्हने, तुमाले मालूम होतं."

"हो."

ती काहीतरी बोलीन म्हणून तो थांबला. तिनं डबा दप्तरात ठेवला, चेन लावली. एक ऑटो आला उजव्या बाजूनं, तिले दिसला नाही. रामरावनं हात धरून मागं ओढलं. ऑटोवाला शिवी देऊन गेला.

तिनं हात सोडवून घेतला. जोरानं नाही, पण सोडवून घेतला. मंग मान वळवून वळवून दोन्हीकडं पाह्यलं अन् एकटीच रस्ता ओलांडून कॉलेजकडं निघाली.